शनिवारची खेळरात्र आणि रेक्टरचं पत्र

वसतिगृहाच्या सूचना फलकावरचे बहुतेक कागद मुली जाता-जाता वाचतात. मेसची थकबाकी, पाणी येण्याची वेळ, गेट बंद होण्याची वेळ. शनिवारी रात्री खेळ ठेवले आहेत, असा कागद लागला की मात्र फलकापुढे घोळका जमतो. त्या घोळक्यात मागे उभी असलेली एखादी मुलगी काहीच बोलत नाही. ती पंधरा दिवसांपूर्वी राहायला आलेली असते. तिच्या मनात एकच प्रश्न असतो, यातलं मला काही येईल का?

मी पुण्यातल्या एका मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर आहे. साठ मुली राहतात. साताऱ्याच्या, नांदेडच्या, चिपळूणच्या, अकोल्याच्या आणि काही परराज्यांतल्याही. खेळरात्र फसते ती बहुतेक वेळा पत्रातच फसते, असं माझं मत आहे. ‘शनिवारी विविध खेळांचे आयोजन केले आहे, सर्वांनी उपस्थित राहावे’ एवढंच लिहिलं, तर ज्यांची आधीच गट्टी जमली आहे त्याच मुली येतात, कॅरमभोवती कडं करतात आणि बाकीच्या खोलीत बसून राहतात. नव्या मुलीला खाली यायचं की नाही हे खोलीतच ठरवायचं असतं. त्यासाठी तिला काही गोष्टी आधी कळायला हव्यात. कोणते खेळ आहेत, एका खेळाला किती जणी लागतात, डाव किती वेळ चालेल, येत नसेल तर शिकवणार कोण आणि कंटाळा आला तर उठता येईल का. पत्राने एवढ्या प्रश्नांची उत्तरं दिली की त्याचं काम झालं.

आमच्याकडे असं पत्र लागतं ते पुढे देते. त्यातली प्रत्येक ओळ का आहे, ते नंतर सांगते.

पत्र

प्रिय मुलींनो,

येत्या शनिवारी रात्री सव्वाआठ ते पावणेअकरा आपण तळमजल्यावर खेळ ठेवले आहेत. त्या दिवशी जेवण साडेसात ते आठ या वेळात उरकून घ्या, म्हणजे मेसच्या मावशींना टेबलं पुसून मोकळं होता येईल. येणं सक्तीचं नाही, हजेरी घेणार नाही. ज्यांना अभ्यास आहे त्यांच्यासाठी दुसऱ्या मजल्यावरची अभ्यासिका नेहमीप्रमाणे उघडी राहील.

सव्वाआठ ते साडेनऊ टेबलांवरचे खेळ होतील. २५ मिनिटांच्या तीन फेऱ्या आहेत. फेरी संपली की घंटा होईल आणि सगळ्यांनी जागा बदलायची. साडेनऊ ते दहा सर्वांनी मिळून हाऊजी. दहानंतर फक्त शांत खेळ.

टेबलांवर हे खेळ असतील:

कॅरम: टीव्हीच्या खोलीत दोन बोर्ड, एका बोर्डावर चौघी, समोरासमोरच्या दोघी जोडीदार. २५ गुणांचा पूर्ण सामना होणार नाही. एका फेरीत दोन बोर्ड खेळायचे आणि गुणांची बेरीज करायची.

मेंढीकोट: मेसमध्ये तीन टेबलं, प्रत्येक टेबलावर चौघी. खिडकीजवळचं टेबल नवशिक्यांचं. तिथे पहिला डाव पत्ते उघडे ठेवून होईल. पान लागलं नाही की टाकाल तो हुकूम.

बदाम सात: एका टेबलावर सहा जणी. पत्त्यांतला सगळ्यात सोपा डाव. इस्पिक-किलवर ओळखता आलं की पुरे.

लुडो: चौघी. प्रत्येकीची एक सोंगटी आधीच बाहेर असेल. घंटा होईल तेव्हा घरी पोचलेल्या सोंगट्या मोजून निकाल.

बुद्धिबळ: दोन पट. घड्याळ लावून, प्रत्येकीला १० मिनिटं.

सागरगोटे: कोपऱ्यात सतरंजीवर, चौघी.

कुठल्याही खेळात पैसे लावायचे नाहीत. हाऊजीची तिकिटं फुकट आहेत. बक्षीस म्हणून रविवारच्या जेवणात श्रीखंडाची जादा वाटी मिळेल.

ज्यांना फक्त बघायचं आहे त्यांनीही यावं. गुण लिहायला, घंटा वाजवायला आणि हाऊजीचे आकडे पुकारायला माणसं लागतातच. खालच्या तक्त्यात पहिल्या फेरीसाठी खेळ निवडून गुरुवारपर्यंत नाव लिहा. एखादा खेळ चांगला येत असेल, तर नावापुढे ‘शिकवीन’ असं लिहा.

तुमची,
रेक्टर

आधी खुर्च्यांचा हिशेब

खेळ निवडण्याआधी मी खुर्च्या मोजते. कॅरमचे दोन बोर्ड म्हणजे ८ जणी. मेंढीकोटची तीन टेबलं म्हणजे १२. बदाम सातला ६, लुडोला ४, बुद्धिबळाला ४, सागरगोट्यांना ४. बेरीज ३८. साठ मुलींच्या वसतिगृहात शनिवारी काही घरी गेलेल्या असतात, काही अभ्यासिकेत असतात आणि निम्म्याहून थोड्या अधिक खाली येतात. म्हणजे आलेल्या जवळपास प्रत्येकीला एकाच वेळी कुठेतरी बसायला मिळतं. हा हिशेब चुकला की खेळ कितीही चांगले असले तरी उपयोग नाही. दोन कॅरम बोर्ड आणि एक लुडो एवढंच मांडलं, तर १२ जणी खेळतात आणि बाकीच्या त्यांच्या खांद्यांवरून बघतात. पंधरा मिनिटं असं उभं राहिलेली मुलगी पाणी प्यायला म्हणून जाते आणि परत येत नाही.

खुर्च्यांनंतर वेळ. २५ मिनिटांची फेरी ठरवण्यामागे कारण आहे. मेंढीकोटचा एक डाव वाटून, खेळून, हिशेब करून पाच-सहा मिनिटांत होतो. म्हणजे एका फेरीत चार डाव बसतात. नवशिकीला पहिल्या डावात काही कळत नाही, दुसऱ्यात थोडं कळतं, तिसऱ्या-चौथ्यात तिला मजा येऊ लागते. फेरी दहा मिनिटांची ठेवली तर ती मजा यायच्या आधीच उठते. एक तासाची ठेवली तर कॅरमच्या बोर्डावरून कोणी उठतच नाही. घंटा सगळ्यांसाठी एकदम होत असल्याने ‘आता तू ऊठ’ हे कोणालाच म्हणावं लागत नाही आणि नव्या मुलीला दुसऱ्या टेबलावर जाण्याचा संकोचही राहत नाही.

दहाची रेषा शेजाऱ्यांसाठी आहे. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिवर्धक लावायला कायद्याने बंदी आहे. आमचा हॉल बंदिस्त असला तरी खिडक्या सोसायटीकडे उघडतात, आणि हाऊजीला माइक लागतो. म्हणून आरडाओरड्याचा खेळ दहाच्या आत संपतो. त्यानंतर बुद्धिबळ, पत्ते आणि सागरगोटे चालतात. सागरगोटे म्हणजे गजग्याच्या झाडाच्या राखाडी, टणक बिया. फरशीवर त्यांचा आवाज खणखणीत होतो, म्हणून पत्रात सतरंजीचा उल्लेख आहे.

कॅरम: पूर्ण सामना का नाही

कॅरम नसेल तर मुली पत्र अर्धवट सोडतात, इतका तो लाडका खेळ. म्हणूनच त्याला सर्वांत जास्त आवर घालावा लागतो. नियमाप्रमाणे सामना २५ गुणांचा किंवा आठ बोर्डांचा असतो. जी जोडी आपल्या नऊही सोंगट्या आधी घालवते ती बोर्ड जिंकते. समोरच्यांच्या जितक्या सोंगट्या उरल्या असतील तितके गुण तिला मिळतात, आणि राणी तिनेच घेतली असेल तर तिचे आणखी ३. समजा पांढऱ्यावाल्यांनी बोर्ड संपवला तेव्हा काळ्या चार उरल्या होत्या आणि राणीही पांढऱ्यावाल्यांकडे होती. ४ आणि ३ मिळून ७ गुण झाले. अशा वेगाने २५ गाठायला किमान चार बोर्ड लागतात. सराव नसलेल्या चौघी एका बोर्डाला दहा-पंधरा मिनिटं घेतात, म्हणजे एका सामन्यात अख्खी संध्याकाळ संपली. दोन बोर्ड आणि बेरीज, एवढं २५ मिनिटांत नीट बसतं.

वाद होतो तो राणीवरून. घरोघरी नियम वेगळे असतात, म्हणून टीव्हीच्या खोलीत भिंतीवर तीन ओळी लावलेल्या असतात. स्वतःची एक तरी सोंगटी घातल्याशिवाय राणी घेता येत नाही. राणी घातली की लगेच पुढच्या फटक्यात स्वतःची सोंगटी घालून तिला कव्हर द्यायचं, नाही तर राणी परत मध्ये येते. राणी बोर्डावर असताना स्वतःची शेवटची सोंगटी घालवली, तर तो बोर्ड आपण हरलो. तिसरी ओळ बहुतेकींना माहीत नसते. शेवटची सोंगटी पडल्याचा जल्लोष सुरू असतानाच समोरच्या जोडीतली कोणीतरी भिंतीकडे बोट दाखवते. नियम खेळाआधी लिहिलेला असला की भांडण तिथेच मिटतं.

बोर्डाची तयारी शुक्रवारीच करावी लागते. पावसाळ्यात प्लायवूड ओल धरतं, पृष्ठभाग चिकट होतो आणि सोंगट्या अर्ध्या वाटेत थांबतात. चाचणी सोपी आहे. एका बाजूने स्ट्रायकर पूर्ण जोराने समोर मारायचा. चांगल्या बोर्डावर तो चौकटींना आपटत साडेतीन वेळा या टोकाहून त्या टोकाला जातो. दोनदाच जाऊन थांबला, तर बोर्ड कोरड्या फडक्याने पुसून काही तास दिव्याखाली ठेवायचा आणि मग पावडर लावायची. ही बोरिक पावडर पोटात जाता कामा नये. पत्रात कॅरम मेसमध्ये न ठेवता टीव्हीच्या खोलीत ठेवला आहे, तो याच कारणाने. जेवणाच्या टेबलाशेजारी ती उडू नये आणि खेळून झाल्यावर मुलींनी हात धुवावेत, याकडे मी स्वतः लक्ष देते.

मेंढीकोट: अनोळखी मुलींना एकत्र बसवणारा डाव

तीन टेबलं मी मेंढीकोटला देते, कारण हा जोडीचा खेळ आहे. समोर बसलेली मुलगी कोण, कुठली, हे माहीत नसलं तरी तिच्या पानांवर विश्वास ठेवून खेळावं लागतं. बोलायचं नसतं, खुणा करायच्या नसतात, तरी चार डावांत दोघींना एकमेकींची चाल कळू लागते.

ज्यांनी कधी खेळलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ५२ पत्ते चौघींत वाटायचे, प्रत्येकीला १३. एकीने पान टाकलं की बाकीच्यांनी त्याच रंगाचं पान द्यायचं. सर्वांत मोठं पान टाकणारीचा हात. एक्का सर्वांत मोठा, त्याखाली राजा, राणी, गुलाम आणि मग दश्शी. चार रंगांच्या चार दश्श्या म्हणजेच मेंढ्या, आणि सगळी धडपड त्यांच्यासाठी. तीन मेंढ्या ज्या जोडीकडे तिचा डाव. दोन-दोन झाल्या तर ज्यांचे हात सात किंवा त्याहून जास्त, त्यांचा डाव. चारही एकाच जोडीने नेल्या की समोरच्यांवर मेंढीकोट चढला.

हुकूम ठरवण्याच्या दोन तऱ्हा आहेत. एकीत हुकमाचं पान आधीच पालथं ठेवून देतात आणि वेळ आल्यावर उघडतात. दुसरीत सुरुवातीला हुकूम नसतोच. कोणाकडे चालू रंगाचं पान नसेल तेव्हा ती जे पान टाकेल, त्या रंगाचा हुकूम. पत्रात मी मुद्दाम दुसरी तऱ्हा लिहिते. झाकलेल्या हुकमात कोणाकडे काय असेल याचा अंदाज बांधत राहावं लागतं आणि नवी मुलगी गांगरते. दुसऱ्या तऱ्हेत हुकूम सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ठरतो.

खिडकीजवळच्या टेबलावर झालेला एक हात सांगते. साताऱ्याची आणि नांदेडची जोडीदार, चिपळूणची आणि अकोल्याची जोडीदार. चिपळूणच्या मुलीने बदामचा एक्का टाकला. विचार बरोबर होता. बदाममध्ये एक्क्याच्या वर काही नाही, जोडीदारणीकडे बदामची दश्शी असेल तर ती याच हातावर सुखरूप घरी येईल. पुढे साताऱ्याची. तिच्याकडे एकही बदाम नव्हतं. तिने किलवरची तिर्री टाकली, आणि त्या क्षणी किलवर हुकूम झालं. तिसरी पाळी अकोल्याच्या मुलीची. तिच्याकडे बदामचं एकच पान होतं, दश्शी. रंगाचं पान असताना दुसरं टाकता येत नाही, म्हणून तिला ती द्यावीच लागली. नांदेडच्या मुलीने बदामची पंजी टाकली. एक्का आणि दश्शी दोन्ही असूनही हात गेला तिर्रीला, आणि मेंढी साताऱ्या-नांदेडकडे.

पत्ते उघडे ठेवून हा हात झाला, तेव्हा चौघींनाही खेळाचं मर्म कळलं. मोठं पान हातात असून भागत नाही, समोरच्यांकडे तो रंग आहे का याचा अंदाज घ्यावा लागतो. शिकवणारीने इथे एकच काम करायचं. कोणती पानं देता आली असती ते दाखवायचं आणि निवड खेळणारीवर सोडायची. ‘थांब, ते नको टाकू’ असं प्रत्येक पानाला म्हणणारी शिकवणारी बसली, तर नवी मुलगी फक्त हाताने खेळते. ते ओळखायची खूण म्हणजे पान टाकण्याआधी मुलगी आपल्या पत्त्यांऐवजी शिकवणारीच्या चेहऱ्याकडे बघते. असं दिसलं की मी शिकवणारीला गुण लिहायला बसवते.

लुडोतलं वाट बघणं

लुडो सर्वांना येतो, म्हणून तो सर्वांत निर्धोक खेळ वाटतो. पण त्यात एक अडचण दडलेली आहे. सहा पडल्याशिवाय सोंगटी बाहेर निघत नाही. एका फाशात सहा न पडण्याची शक्यता सहात पाच. दहा वेळा टाकूनही एकदाही सहा न पडण्याची शक्यता साधारण १६ टक्के निघते, म्हणजे सहा मुलींत एकीवर ही पाळी येते. टेबलावर चौघी असल्या, तर त्यांतल्या कोणावर तरी ती येण्याची शक्यता जवळपास निम्मी. म्हणजे दर दुसऱ्या डावात एक मुलगी दहा फेऱ्या नुसतं फासे टाकत बसते आणि बाकीच्या तिघी खेळत असतात. घरच्या माणसांत याची गंमत वाटते. अनोळखी मुलींत ती एकटी पडते.

उपाय दोन आहेत. सहाबरोबर एक पडला तरी सोंगटी बाहेर काढू द्यायची. तेवढ्याने दहा वेळा फुकट जाण्याची शक्यता १६ टक्क्यांवरून दोनाच्याही खाली येते. किंवा प्रत्येकीची एक सोंगटी आधीच बाहेर ठेवायची. मी दुसरा उपाय घेते, कारण त्यात पहिल्याच फाशापासून चौघींनाही काहीतरी चालायला मिळतं. पत्रात हे लिहिलेलं असलं, तर ‘आमच्याकडे असं खेळत नाहीत’ हा वाद टेबलावर होत नाही.

हाऊजी मधोमध का

सव्वा तास वेगवेगळ्या टेबलांवर खेळल्यावर सगळ्यांनी एकाच गोष्टीत असावं, असा एक खेळ हवा असतो. हाऊजीत कौशल्य लागत नाही, भाषा आडवी येत नाही, कितीही जणी बसू शकतात. तिकिटावर १ ते ९० मधले १५ आकडे, तीन ओळींत पाच-पाच. पुकारलेला आकडा असला की खोडायचा.

वेळेचा हिशेबही जमतो. छत्तीस तिकिटं असली, तर पहिले पाच आकडे कोणाचे तरी साधारण बारा-चौदा आकड्यांत खोडले जातात, आणि पूर्ण तिकीट सत्तर आकड्यांच्या आसपास कोणाचं तरी होतं. आठ सेकंदांना एक आकडा पुकारला तर ९-१० मिनिटं, मधली तिकीट-तपासणी धरून पंधरा. अर्ध्या तासात दोन डाव होतात. आकडे पुकारायला मी ‘फक्त बघायला आले’ म्हणणाऱ्या मुलीला बसवते. प्रत्येक आकडा तिने मराठीत आणि हिंदीत सांगायचा, शिवाय फळ्यावर लिहायचा. ‘एकोणसत्तर’ आणि ‘एकोणऐंशी’ यांत परप्रांतातल्या मुलींचा गोंधळ होतो, आणि चुकीचा आकडा खोडून ‘फुल हाऊस’ ओरडलेल्या मुलीला परत खाली बसवणं कोणालाच बरं वाटत नाही.

जे खेळ पत्रात नाहीत

व्यापार दरवेळी कोणीतरी मागतंच. तो मी या रात्रीसाठी घेत नाही. डाव दोन-तीन तास चालतो आणि ज्या मुलीचे पैसे संपतात ती बाहेर पडते. आधी बाहेर पडलेलीला बाकीच्यांचा डाव संपेपर्यंत काहीच काम नसतं. सुट्टीच्या दुपारी चौघी मैत्रिणींनी खेळायला तो ठीक आहे.

गाण्याच्या भेंड्याही नाहीत. मराठी गाणी येणाऱ्या दहा जणी हॉल डोक्यावर घेतात आणि तेलुगू किंवा मणिपुरी बोलणारी मुलगी टाळ्या वाजवत बसते. तीन पत्ती नाही, कारण तिची सगळी रंगत पैसे लावण्यात आहे, आणि पैसे काढून घेतले तर डावात फारसं काही उरत नाही. पत्ते आहेत म्हटल्यावर काही पालकांच्या मनात जुगाराची शंका येते. महाराष्ट्रात जुगारबंदीचा कायदा १८८७ पासून आहे, आणि वसतिगृहात पैशांचा डाव हा रेक्टरच्याही अंगाशी येणारा प्रकार आहे. म्हणून ‘पैसे लावायचे नाहीत’ हे वाक्य मी पत्रात स्वतंत्र लिहिते आणि तिकिटं फुकट असल्याचंही सांगते. दहा-दहा रुपयांची वर्गणी काढून बक्षीस ठेवलं तरी ज्या मुलीकडे महिनाअखेरीला दहा रुपये जड असतात ती येत नाही. श्रीखंडाच्या वाटीला मेसमधून वेगळा खर्च लागत नाही आणि ती चौघींत वाटूनही खाता येते.

शनिवारनंतरचा कागद

प्रत्येक टेबलावर एक कोरा कागद ठेवलेला असतो. गुण लिहिणारीने त्यावर आणखी तीन गोष्टी टिपायच्या: कोणत्या फेरीत खुर्ची रिकामी राहिली, कोणता नियम विचारावा लागला आणि घंटा झाल्यावर कोण उठायला तयार नव्हतं. रविवारी सकाळी हे कागद एकत्र करून वाचते. बुद्धिबळाची चारपैकी दोन आसनं तिन्ही फेऱ्यांत रिकामी राहिली असतील, तर पुढच्या वेळी एकच पट मांडते आणि त्या जागी बदाम सातचं दुसरं टेबल लावते. कॅरमला तक्त्यात पंधरा नावं आली असतील, तर तिसरा बोर्ड आणण्याआधी मी बघते की तिन्ही फेऱ्यांत तीच नावं होती की वेगवेगळी. तीच असतील, तर बोर्ड कमी नाहीत. मग पुढच्या पत्रात ‘कॅरमला एका मुलीने एकच फेरी’ अशी एक ओळ घालते.

नव्या मुलींची नावं मी वेगळी बघते. पहिल्या फेरीला सागरगोटे किंवा लुडो निवडलेली मुलगी तिसऱ्या फेरीला मेंढीकोटच्या टेबलावर होती का? असेल, तर शिकवणारीने आपलं काम चोख केलं आहे. पुढच्या महिन्याच्या तक्त्यात त्याच मुलीच्या नावापुढे ‘शिकवीन’ लिहिलेलं सापडतं, तेव्हा खिडकीजवळचं टेबल मी तिच्याकडे सोपवते.